फेरफारात राहिलेली किल्ली

शुक्रवारची संध्याकाळ होती. मंडईत भरताची वांगी निवडत असताना फोन वाजला. पलीकडे आमच्या ऑफिसातली सगळ्यात तरुण सहकारी होती. "अरे, एक घोळ झालाय. मी रेपो पब्लिक केला आणि पाच मिनिटांत ॲमेझॉनचा मेल आला, तुमची की उघड्यावर पडलीये म्हणून. पण मी सगळ्या फायली बघितल्या, कोडमध्ये की नाहीच आहे. तरी रेपो परत प्रायव्हेट करून टाकलाय. आता झालं ना?"

झालं नव्हतं. वांगी तशीच ठेवून मी रिक्षा पकडली.

आम्ही गृहसंस्थांसाठी एक छोटं सॉफ्टवेअर चालवतो. सभासदांचा महिन्याचा मेंटेनन्स जमा झाला की पावती तयार होते आणि मेलवर जाते. पावतीवर रक्कम अक्षरी लिहावी लागते, आणि मराठीत ते मोठं कटकटीचं काम आहे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा आपलं वेगळं नाव घेऊन बसलेला. तिने हे आकड्यांचं अक्षरात रूपांतर करणारा भाग फार नीट लिहिला होता. तो इतरांनाही वापरता यावा म्हणून तिने तो प्रकल्प गिटहबवर सगळ्यांसाठी खुला केला. हेतू चांगलाच होता. फक्त तो भाग जिथे लिहिला गेला, त्या प्रकल्पाची सुरुवात आमच्या मूळ सॉफ्टवेअरपासून झाली होती, हे तिला माहीत नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी, ती यायच्याही आधी, आमच्यातल्याच कुणीतरी `.env` नावाची फाइल त्यात टाकली होती आणि तीन दिवसांनी काढून टाकली होती. त्या फाइलमध्ये ॲमेझॉनच्या साठवणीची किल्ली होती. ('की' म्हटलं तर मराठीत वाक्यच अडखळतं, म्हणून मी यापुढे किल्लीच म्हणेन.)

फाइल आठ महिन्यांपूर्वीच काढलेली होती. मग किल्ली उघडी कशी पडली? याचं उत्तर गिट काम कसं करतं त्यात आहे.

ज्यांचा जमिनीशी संबंध आला असेल त्यांना सातबारा आणि फेरफार यांतला फरक सांगायला नको. सातबाऱ्यावर आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. फेरफार नोंदवहीत ती कुणाकडून कुणाकडे, कधी आणि कशी गेली याची प्रत्येक नोंद असते, आणि नवी नोंद झाली म्हणून जुनी पुसली जात नाही. गिट ही प्रोग्रामरची फेरफार नोंदवही आहे. समोर फोल्डरमध्ये दिसतात त्या फायली म्हणजे आजचा सातबारा. मागे प्रत्येक 'कमिट', म्हणजे प्रत्येक नोंद, त्या क्षणाच्या सगळ्या फायलींचं चित्र धरून बसलेली असते. फाइल काढणं हीसुद्धा एक नवी नोंदच असते: 'अमुक तारखेला `.env` काढली.' तिच्या आधीच्या नोंदीत फाइल जशीच्या तशी असते, आणि रेपो ज्याच्या हाती जाईल त्याच्या हाती ही पूर्ण वही जाते. माझ्या सहकारीने सातबारा तपासला होता आणि किल्ली फेरफारात होती.

ऑफिसात पोचल्यावर मी तिला हे दाखवलं. गिटला एखादी अक्षरमाला कोणत्या नोंदीत आली किंवा गेली, असं विचारता येतं:

```
git log --all --oneline -S 'AKIAIOSFODNN7EXAMPLE'
```

(ही किल्ली खरी नाही. ॲमेझॉन आपल्या माहितीपत्रकांत नमुना म्हणून वापरतं ती आहे.) पडद्यावर दोन ओळी आल्या, एक किल्ली आली त्या दिवसाची आणि दुसरी गेली त्या दिवसाची. ती बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिली. "म्हणजे काढलं होतं तेच पत्ता सांगतंय," ती म्हणाली.

पण हे दाखवण्याआधी मी एक गोष्ट केली होती, आणि ती रिक्षातूनच, फोनवरून.

ॲमेझॉनच्या किल्लीचे दोन भाग असतात. पहिला २० अक्षरांचा, म्हणजे किल्लीचं नाव म्हणा, आणि दुसरा ४० अक्षरांचा, खरा गुप्त भाग. कायमस्वरूपी किल्लीचं नाव नेहमी AKIA या चार अक्षरांनी सुरू होतं. पॅन क्रमांक दिसला की तो पॅन आहे हे जसं एका नजरेत कळतं, तसंच हे. त्यामुळे शोधणाऱ्याचं काम सोपं होतं, आणि शोधणारे दोन्ही बाजूंना असतात. गिटहब स्वतः खुल्या प्रकल्पांत अशा खुणा शोधतं आणि ज्या कंपनीची किल्ली असेल तिला कळवतं. आम्हाला पाच मिनिटांत मेल आला तो त्यामुळे. त्याच खुणा शोधणारे चोरांचे प्रोग्रामही दिवसरात्र चालू असतात. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली गिटहबवरच्या अशा गळतीचा अभ्यास मांडला. नवी किल्ली खुल्यावर आल्यापासून ती त्यांच्या शोधयंत्रणेच्या हाती लागायला साधारण २० सेकंद पुरत होते. आणि त्यांना सापडलेल्या गुपितांपैकी सुमारे ८१ टक्के दोन आठवडे उलटल्यावरही तिथेच होती. २०२३ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या युनिट ४२ या संशोधक गटाने चोरांची बाजू दाखवली. गिटहबवर उघडी पडलेली ॲमेझॉनची किल्ली घेऊन पाच मिनिटांच्या आत तिचा वापर सुरू करणारी टोळी त्यांनी टिपली. दुसऱ्याच्या खर्चाने मोठे सर्व्हर चालू करून त्यांवर आभासी चलन काढणं हा तिचा धंदा होता.

तेव्हा रेपो पुन्हा प्रायव्हेट करणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. करायला हरकत नाही, दोन क्षणांचं काम आहे. पण त्याने सुटल्यासारखं वाटतं, आणि खरी भीती या वाटण्याचीच आहे. किल्लीचा छाप बाहेर गेला असेल तर घराचं दार लावून उपयोग नाही, कुलूप बदलावं लागतं. आपली किल्ली आपल्याच खिशात असली तरी.

रिक्षातून केलं ते एवढंच. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला सांगितलं, लॉगिन कर आणि ती किल्ली बंद कर. त्याने चालवलेला आदेश असा:

```
aws iam update-access-key --user-name pavti \
  --access-key-id AKIAIOSFODNN7EXAMPLE --status Inactive
```

बंद कर असं सांगितलं, खोडून टाक असं नाही. यात फरक आहे. `Inactive` केलेली किल्ली चालत नाही, पण नोंदीत राहते. ती कधी निघाली आणि कुणाच्या नावावर होती, ते पुढे तपासताना बघता येतं. खोडून टाकली की तोही धागा तुटतो.

त्याने विचारलं, "आधी नवी किल्ली काढून सर्व्हरवर बसवू, मग जुनी बंद करू? नाहीतर पावत्या थांबतील." प्रश्न अगदी रास्त होता. एरवी किल्ली बदलायची रीत तीच आहे. ॲमेझॉन एका वापरकर्त्याला एका वेळी दोन किल्ल्या ठेवू देतं, ते नेमकं यासाठीच. दुसरी काढायची, सगळीकडे ती बसवायची, पहिली वापरात नाही याची काही दिवस खात्री करायची, मग पहिली बंद करायची आणि शेवटी खोडायची. धंदा एक मिनिटही थांबत नाही. पण ही रीत किल्ली खिशात असतानाची आहे. किल्ली चोराच्या हातात असते तेव्हा आपण जितका वेळ खात्री करत बसतो तितका वेळ त्यालाही मिळतो. शुक्रवारी रात्री तासभर पावत्या गेल्या नाहीत तर कुणाचं अडत नाही. इस्पितळाची औषधांची यंत्रणा असती तर मी कदाचित दहा मिनिटं थांबलो असतो. हा निर्णय यंत्रणा चालवणाऱ्यानेच घ्यायचा असतो, आणि तो शांत दिवशी आधीच घेऊन ठेवलेला बरा. आम्ही ठेवला नव्हता.

ॲमेझॉनने आपल्याकडून एक केलं होतं. आमच्या त्या वापरकर्त्यावर `AWSCompromisedKeyQuarantine` या नावाने सुरू होणारा एक निर्बंध आपोआप चिकटवला होता. त्याने नवे सर्व्हर चालू करणं, नवे वापरकर्ते तयार करणं अशा मोठ्या नुकसानीच्या कामांना मज्जाव होतो. पुष्कळांना हे बघून हायसं वाटतं. पण किल्ली त्यामुळे बंद होत नाही, ते तुमच्यावरच सोडलेलं असतं. आणि नंतर त्याच वापरकर्त्याची नवी किल्ली काढली तर तिलाही हा निर्बंध लागू राहतो. सगळं आवरल्यावर तो हाताने काढावा लागतो, नाहीतर आठवड्याने काहीतरी अडतं आणि कारण सापडत नाही.

किल्ली बंद झाली तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती. रेपो खुला झाल्यापासून पंचवीस मिनिटं. आता प्रश्न होता, त्या पंचवीस मिनिटांत काय झालं.

ॲमेझॉनकडे क्लाउडट्रेल नावाची हजेरीवही असते. कुणी, कोणत्या किल्लीने, कोणत्या पत्त्यावरून, काय करायला मागितलं, याची गेल्या ९० दिवसांची नोंद तिच्यात वेगळं काही न करता मिळते. आम्ही ती उघडली. खुला झाल्यापासून चौथ्या मिनिटाला परदेशातल्या एका पत्त्यावरून पहिली विचारणा आली होती: `GetCallerIdentity`. म्हणजे 'ही किल्ली कुणाची?' सापडलेली किल्ली लागते का, हे बघायची ती नेहमीची पहिली खूण. तिच्यासाठी कसलेही हक्क लागत नाहीत. पाठोपाठ सर्व्हर चालू करायचा प्रयत्न झाला होता, आणि पुढे `Client.UnauthorizedOperation`. आमची किल्ली फक्त साठवणीपुरती होती, सर्व्हरशी तिचा संबंध नव्हता. तिघांनीही श्वास सोडला.

खालची ओळ `ListBuckets` होती. 'साठवणीच्या खोल्या कोणकोणत्या?' ही विचारणा यशस्वी झाली होती. त्याच्या खाली काहीच नव्हतं.

हे 'काहीच नव्हतं' नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा ताप त्यातून आला. खोल्यांची यादी मागितली तर क्लाउडट्रेल नोंद करतं. पण खोलीत शिरून एखादी फाइल उचलली, तर ती नोंद आपण मुद्दाम चालू करून घेतल्याशिवाय होत नाही. त्याचे वेगळे पैसे पडतात आणि नोंदींचा ढीग होतो, म्हणून बहुतेक लहान कंपन्या ती चालू करत नाहीत. आम्हीही केली नव्हती. चोर दारापर्यंत आल्याचं दिसत होतं, दाराच्या आतला दिवाच बंद होता.

सर्व्हरच्या बाबतीत आम्ही वाचलो ते नशिबाने. किल्लीला जास्त हक्क असते, तर चोराने पहिल्या मिनिटात आपल्या नावाची दुसरी किल्ली काढून ठेवली असती आणि आम्ही आमचं कुलूप बदलून समाधानाने झोपलो असतो. म्हणून किल्ली बंद केल्यावर त्या काळात नवे वापरकर्ते, नव्या किल्ल्या, नवे हक्क तयार झालेत का, ते बघावं लागतं. शिवाय एका किल्लीवरून थोड्या मुदतीच्या उपकिल्ल्या काढता येतात. त्यांची मुदत ३६ तासांपर्यंत असू शकते, आणि मूळ किल्ली बंद झाली तरी त्या चालू राहू शकतात. त्यावर उपाय म्हणजे त्या वापरकर्त्याचेच सगळे हक्क काढून घेणं. उपकिल्ली हक्क आणते ते मूळ मालकाचेच; त्याच्याकडे काही उरलं नाही की तिच्याकडेही काही उरत नाही. आम्ही तेही केलं. पावत्यांसाठी नवा वापरकर्ता, नवी किल्ली. या वेळी फक्त एकाच खोलीत फाइल ठेवायचा हक्क, वाचायचाही नाही.

नऊच्या सुमारास पावत्या पुन्हा सुरू झाल्या. रात्रीचा हिशेब जुळवणारा दुसरा प्रोग्राम होता, त्यालाही नवी किल्ली दिली. ही दोनच ठिकाणं आम्हाला माहीत होती.

तिसरं ठिकाण सोमवारी कळलं. आमचा हिशेब बघणारे गृहस्थ फोनवर म्हणाले, "अहो, शनिवारचा बॅकअपचा मेल आला नाही." कसला बॅकअप? कपाटामागे एक जुना संगणक होता. दर शनिवारी पहाटे तो सगळ्या पावत्या एका हार्डडिस्कवर उतरवत होता आणि उतरवल्याचा मेल पाठवत होता. चार वर्षांपूर्वी कुणीतरी लावून ठेवलेला. त्यातही तीच किल्ली. "दहा मिनिटं जुनी चालू करा ना, एवढा बॅकअप होऊन जाईल," असं ते अगदी सहज म्हणाले, आणि मला कबूल केलं पाहिजे, मलाही क्षणभर मोह झाला. पहिली विचारणा चौथ्या मिनिटाला आली होती हे आठवलं आणि नाही म्हणालो.

किल्ली बदलण्यातला खरा त्रास इथे असतो. नवी किल्ली काढायला एक ओळ पुरते. जुनी कुणाकुणाकडे दिली होती, हे कुणालाच पूर्ण माहीत नसतं. ज्या कंपनीकडे जगभरातले प्रोग्रामर आपलं काम ठेवतात, त्या गिटहबवरही ही वेळ आली होती. मार्च २०२३ मध्ये गिटहबची स्वतःची आरएसए प्रकारची खाजगी किल्ली चुकून एका खुल्या रेपोत थोडा वेळ उघडी पडली. ती होती 'मी खरोखर गिटहबच आहे' हे समोरच्या संगणकाला पटवणारी किल्ली. २४ मार्चला त्यांनी ती बदलली. ती बदलताच, त्या जुन्या ओळखीवर भरवसा ठेवून असलेल्या संगणकांच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत `REMOTE HOST IDENTIFICATION HAS CHANGED!` असा इशारा आला. म्हणजे 'पलीकडचा माणूस बदललाय, कुणीतरी मध्ये घुसलं असेल.' इशारा आपलं काम चोख करत होता, फक्त या वेळी माणूस तोच होता आणि त्याने ओळखपत्र बदललं होतं. लोकांना जुनी ओळख हाताने पुसून नवी नोंदवावी लागली, आणि रात्री आपोआप चालणारी पुष्कळ कामं तिथेच अडकली. किल्लीचा गैरवापर झाल्याचा पुरावा नसतानाही त्यांनी ती बदलली.

आता वही साफ करण्याचं. शनिवारी आमच्यात वाद झाला तो यावरच. ज्येष्ठ सहकाऱ्याचं म्हणणं होतं, फेरफारातून किल्ली समूळ काढली पाहिजे. मला तेव्हाही ते फारसं पटलं नव्हतं. पण केलं, आणि कसं असतं ते सांगण्यासारखं आहे.

यासाठी `git filter-repo` नावाचं साधन आहे. रेपोची ताजी प्रत घ्यायची, कोणती अक्षरं कशाने बदलायची ते एका फाइलमध्ये लिहायचं, आणि साधन पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळी वही नव्याने लिहून काढतं:

```
git filter-repo --sensitive-data-removal --replace-text ../badla.txt
```

`badla.txt` मध्ये किल्लीचे दोन्ही भाग लिहायचे. हीच फाइल नंतर चुकून रेपोत टाकणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून ती बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवावी.

गिटमध्ये प्रत्येक नोंदीला ४० अक्षरांचा एक ठसा असतो, आणि तो ठसा काढताना आधीच्या नोंदीचा ठसाही त्यात मिसळलेला असतो. साखळीच असते ती. आठ महिन्यांपूर्वीची एक नोंद बदलली की तिच्यापुढच्या सगळ्या नोंदींचे ठसे बदलतात. मजकूर तोच, वही दुसरी. ही दुसरी वही सर्व्हरवर जबरदस्तीने जुनीच्या जागी ठेवावी लागते. आणि ज्याच्या ज्याच्या संगणकावर जुनी वही आहे त्याने ती फेकून नवी उतरवून घ्यावी लागते. एकाने जरी जुन्या वहीत काम करून ते नेहमीसारखं नव्यात मिसळलं, तर पुसलेली सगळी पानं किल्लीसकट परत येतात. आमच्याकडे सहा जण होते. एक जण रजेवर कोकणात होता. सोमवारी सकाळी तो आला आणि त्याने नेमकं हेच केलं. बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दुपारपर्यंत आम्ही पुन्हा पहिल्यापासून.

एवढं करूनही गिटहबवरची जुनी पानं लगेच जात नाहीत. ज्याच्याकडे जुन्या नोंदीचा ठसा आहे त्याला ते पान उघडता येऊ शकतं. कुणी आपली वेगळी प्रत घेतली असेल तर तिच्यात ते असतंच. कामाच्या चर्चेला जोडलेल्या जुन्या नोंदी आपल्याला काढताच येत नाहीत, त्यासाठी गिटहबच्या मदत विभागाला लिहावं लागतं. आणि त्यांची भूमिका स्पष्ट आहे: किल्ली बदलून धोका टळत असेल तर आम्ही जुनी पानं काढून देणार नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते उद्धट वाटलं होतं. आता वाटतं, त्यांचं बरोबर आहे. बंद झालेली किल्ली म्हणजे साठ निरुपयोगी अक्षरं. ती वहीत राहिली तरी कुणाचं काय जातं? आमचा शनिवार आणि अर्धा सोमवार ती अक्षरं पुसण्यात गेला.

सभासदांची नावं, फोन नंबर अशी माहिती वहीत गेली असती तर गोष्ट वेगळी होती. माणसाचं नाव बदलता येत नाही, तिथे पुसणं हाच उपाय, तो अर्धामुर्धा असला तरी. तसंच, ज्या किल्लीने माहिती कुलूपबंद करून ठेवलेली असते तिचं. ती बदलली तरी जुन्या किल्लीने बंद केलेल्या जुन्या प्रती जुन्याच किल्लीने उघडतात. आमच्याकडे सुदैवाने ते नव्हतं.

राहिली ती दाराच्या आतली पंचवीस मिनिटं. तेव्हा मला टोयोटाची गोष्ट सारखी आठवत होती. टोयोटाच्या जपानमधल्या टी-कनेक्ट सेवेच्या संकेतस्थळाच्या कोडचा काही भाग एका कंत्राटदाराने चुकून गिटहबवर खुला ठेवला होता. डिसेंबर २०१७ पासून १५ सप्टेंबर २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं. त्यात ग्राहकांच्या माहितीच्या सर्व्हरची किल्ली होती. लक्षात आल्यावर १५ तारखेला त्यांनी कोड झाकला आणि १७ तारखेला किल्ली बदलली. मधले दोन दिवस मला नेहमी खटकतात. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि ग्राहक क्रमांक बाहेर गेले असण्याची शक्यता त्यांनी जाहीर केली. कुणी आत शिरल्याचं नोंदींवरून दिसत नाही, पण तसं झालंच नाही असंही म्हणता येत नाही, अशा अर्थाचं त्यांचं निवेदन होतं. आमचं वाक्य शब्दशः तेच होणार होतं.

भारतात सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. आम्ही त्या रात्री अकराला मेल पाठवला, थोडं काळजावर दगड ठेवूनच. त्याच आदेशात नोंदी १८० दिवस जपून ठेवा असंही आहे, आणि आपोआप मिळतात त्या ९० दिवसांच्याच, हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचायला मिळालं.

मग गृहसंस्थांना कळवलं. चौदा संस्था, चौदा फोन. बहुतेकांनी "ठीक आहे, ठीक आहे" म्हणून ठेवला. एका संस्थेचे सचिव निवृत्त बँक अधिकारी आहेत. त्यांनी मात्र पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे पावत्या कुणी पाहिल्या का?"

"सांगता येत नाही, काका. पाहिल्याचं दिसत नाही, पण न पाहिल्याचंही दिसत नाही."

"अहो, आमच्याकडे लॉकरला जाताना खातेदाराची सही घ्यायचो. आत किती वाजता गेला, किती वाजता बाहेर आला. तुमच्याकडे आत जाणाऱ्याची सही नव्हती, असंच ना?"

"होय."

"आता घेता?"

आत कोण जातं त्याची नोंद आम्ही शनिवारीच चालू केली होती. पहिल्या महिन्याचं त्याचं बिल आलं ते मी काकांना सांगितलं. ते हसून म्हणाले, "एवढंच? रजिस्टरला पुठ्ठाही येत नाही एवढ्यात." मग त्यांनी त्यांच्या फ्लॅटची पावती अजून आली नसल्याची तक्रार केली. ती खरी होती. कपाटामागचा संगणक शोधायच्या नादात नव्या किल्लीचा एक अंक चुकीचा बसला होता.